अण्णांचे एकोणीस युनिट

काल रात्री साडेनवाला बेल वाजली. दारात समोरच्या 404 मधले अण्णा. हातात चौघडी घातलेला कागद, चेहऱ्यावर सोसायटीच्या मीटिंगमधला भाव. म्हणाले, "तुझ्याकडे आमचे एकोणीस युनिट निघतात."

मी पोळीचा घास तोंडात तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिलो. या माणसाच्या एसीचं बिल मी तीन महिने भरलंय, आणि हा माझ्याकडे एकोणीस युनिट मागायला आलाय.

तर झालं असं. जानेवारीत आमच्या बिल्डिंगचं मीटर केबिन नवीन झालं. जिन्याखालचा तो कळकट लाकडी बोर्ड गेला, पत्र्याचा चकचकीत बोर्ड आला. सेक्रेटरींनी नारळ फोडला, पेढे वाटले. फेब्रुवारीचं बिल नेहमीसारखं आलं. मार्चचं आलं तेव्हा हिने फक्त भुवया उंचावल्या. एप्रिलचं आलं 472 युनिटचं. आमच्याकडे एसी नाही, महिन्याला सव्वादोनशेच्या वर आम्ही कधी गेलो नाही. रक्कम मात्र दुपटीवरही थांबली नव्हती, कारण शंभरपर्यंतचा भाव वेगळा, तीनशेपर्यंतचा वेगळा आणि त्यापुढचा आणखी वेगळा. वाढलेले सगळे युनिट जाऊन बसतात ते महागाच्या मजल्यावर. दोन हजारांचं बिल साडेपाच हजार झालं होतं.

मीटरचा फोटो काढून मी वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन बघितला, फोटो बघितला.

"रीडिंग मॅच होतंय, सर."

"हो, पण आम्ही एवढी वीज वापरलीच नाही."

"एसी?"

"नाही."

"मग गीझर."

"मे महिन्यात?"

"फ्रिजचं रबर बघा. लूज असतं बऱ्याचदा." आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघून त्या "बोला" म्हणाल्या.

घरी येऊन मी फ्रिजच्या दारात दहाची नोट अडकवून ओढून पाहिली. नोट फाटली, फ्रिज सुटला नाही.

मग मीटर तपासणीचा अर्ज केला, फी भरली. आठवड्याने एक तरुण मुलगा बॅग घेऊन आला. मीटरच्या वायरीला त्याने चिमटा लावला, मीटरवर जो लाल दिवा लुकलुकतो त्याच्यासमोर एक सेन्सर बसवला, आणि त्याच्या यंत्राने आमच्या मीटरशी हिशोब ताडून पाहिला. पाच मिनिटांत निकाल. "मीटर ओके आहे, काका. एकदम परफेक्ट." मी सही केली. चूक इथेच झाली, आणि ती पूर्णपणे माझी. मीटर बरोबर मोजतो का, एवढंच मी विचारलं होतं आणि तेवढंच त्याने तपासलं. तो कुणाची वीज मोजतोय हे मी विचारलं नव्हतं.

(याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर अण्णांनी 'विजेची बचत कशी करावी' हा मजकूर टाकला. 'आम्ही एसी रोज सात तास लावतो, पण 26 वर. एप्रिलचं बिल अवघं 214 युनिट!' खाली बावीस अंगठे. त्यातला एक माझा.)

मे महिन्याच्या मध्यावर आम्ही चार दिवस चिपळूणला गेलो. निघताना घरातला मेन स्विच पाडला, खाली येऊन मीटरचा फोटो काढला. मीटरचा नंबरही त्यात येईल असा काढला, नुसत्या आकड्याच्या फोटोला ऑफिसात कुणी विचारत नाही. परत आलो, स्विच चालू करायच्या आधीच पुन्हा फोटो काढला. चार दिवसांत मीटर 41 युनिट पुढे. बंद घरात. फ्रिजसुद्धा बंद होता, त्यातलं विरजण याची साक्ष द्यायला टपून बसलं होतं.

त्या रविवारी दुपारी आम्ही प्रयोग करायचं ठरवलं. ही वर मेन स्विचपाशी, मी खाली मीटर केबिनमध्ये. केबिनमध्ये मोबाईलला रेंज नाही, म्हणून जिन्यात वॉचमनला उभा केला. मी त्याला सांगायचं, त्याने वर ओरडायचं. हे ओरडणं ऐकून अण्णा खाली आले. बनियन, लेंगा, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात घरातलं स्टूल. स्टूल मांडून ते 403 असं मार्करने लिहिलेल्या मीटरसमोर बसले आणि प्रयोग त्यांच्या ताब्यात गेला.

"बंद कर म्हणावं," त्यांनी वॉचमनला फर्मावलं. वरून हिचा आवाज आला, "केलंय!" मीटरचा लाल दिवा मात्र आपला लुकलुकतोय. लुक, लुक, लुक. घर अंधारात आणि मीटर जोमात.

"अरे, हा तर धावतोय," अण्णा खूश झाले. डोळ्याला चष्मा लावून त्यांनी मीटरवरची बारीक अक्षरं वाचली: `3200 imp/kWh`. "म्हणजे दिवा बत्तीसशे वेळा लागला की एक युनिट. घड्याळ लाव. मी मोजतो."

मी घड्याळ लावलं. अण्णा मोठ्याने मोजू लागले. सतरापर्यंत आले तेव्हा वॉचमनने विचारलं, "साहेब, वर सांगू का काही?" आकडा चुकला. पुन्हा सुरुवात. बेचाळीसवर असताना अण्णांनाच आठवलं की पूर्वी मीटरमध्ये चकती फिरायची आणि तिच्यावर काळा ठिपका असायचा, ते मोजणं किती सोपं होतं. आकडा चुकला. तिसऱ्या खेपेला मिनिटाला ऐंशी भरले.

"ऐंशी गुणिले साठ, अठ्ठेचाळीसशे. भागिले बत्तीसशे." अण्णांनी डोळे मिटले. "दीड. तासाला दीड युनिट! हा बल्ब नव्हे बरं का. हा एसी आहे. तुझ्या मीटरवर कुणीतरी नतद्रष्ट एसी चालवतोय." टॉर्चचा झोत त्यांनी सगळ्या बोर्डावरून फिरवला, जणू चोर तिथेच पत्र्यामागे लपलाय. "पोलिसात दे. मी येतो साक्षीला."

माझी नजर शेजारच्या 404 च्या मीटरवर गेली. त्याचा दिवा गप्प होता. डोळे मिटून झोपल्यासारखा.

"अण्णा," मी म्हणालो, "तुमच्याकडे आत्ता एसी चालू आहे?"

"आहे ना. जावई आलेत. जेवून आडवे झालेत."

"मग तुमचा मीटर थांबलाय का?"

अण्णांनी तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "26 वर असतो ना. त्याने फरक पडतो."

"दोन मिनिटं तुमचा मेन स्विच पाडता?"

"जावई झोपलेत," असं म्हणून त्यांनी स्टूल उचललं. जाताना टॉर्चही बंद केला.

इथे हसू यायला हवं होतं. पण तेव्हा मला फक्त साडेपाच हजार दिसत होते. दोन वायरींची अदलाबदल करून कंत्राटदार पेढा खाऊन गेला, कंपनीने मीटर 'परफेक्ट' ठरवला, आणि चार दिवस गावाला जाऊन स्वतःचा निर्दोषपणा सिद्ध करायची जबाबदारी माझी. आणि ज्याला चिपळूणला घर नाही त्याने काय करायचं?

दुसऱ्या दिवशी फेरतपासणीचा अर्ज दिला. या वेळी 'मीटर सदोष आहे' असं लिहिलंच नाही. लिहिलं की मीटर माझ्या नावावर आहे, पण तो माझ्या घराला वीज देतो का हे प्रत्यक्ष तपासावं, दोन्ही घरांचे मेन स्विच आळीपाळीने बंद करून, माझ्यासमोर. सोबत चिपळूणचे दोन फोटो आणि बारा महिन्यांचे युनिट. शेवटी एक ओळ, की उत्तर न आल्यास वीज ग्राहकांच्या गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावं लागेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. शिक्का मारताना बाईंनी पहिल्यांदा माझं नाव वाचलं.

"पण बिल भरावं लागेल, सर. नाहीतर कनेक्शन कट."

यावर मी तयारी करून गेलो होतो. 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 56: बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरायची. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. बाई आत जाऊन साहेबांना विचारून आल्या. "भरा सरासरी," म्हणाल्या. त्या सहा महिन्यांत फुगलेला मार्चही होता, पण तेवढ्यावर मी भांडलो नाही.

या वेळी इंजिनिअर स्वतः आले, बरोबर एक वायरमन. आमचा स्विच पाडला, तर 404 चा मीटर थांबला. अण्णांचा स्विच पाडला, तर आमचा थांबला. मिनिटभरात जावई बनियनवर जिन्यात, "लाईट गेली का?" इंजिनिअरनी पंचनाम्यासारखा एक कागद लिहिला, वायरमनने दोन वायरी सोडवून जागच्या जागी लावल्या. काम दहा मिनिटांचं.

जुलैच्या बिलात पैसे वळते झाले. महिन्यामहिन्याचे युनिट बदलून, स्लॅब नव्याने लावून. अण्णांच्या बिलात तेवढीच थकबाकी चढली. बचतीचा मजकूर ग्रुपवरून गेला. तेव्हापासून लिफ्टमध्ये ते माझ्याकडे न बघता वजनाची पाटी वाचतात.

आणि काल हा कागद. फेब्रुवारीत एसी नव्हता. त्या महिन्यात त्यांचा वापर 188 युनिट, आमचा 207. अदलाबदल झालेली, म्हणजे आमचे एकोणीस युनिट जास्तीचे त्यांनी भरले.

"अण्णा, कंपनीने फेब्रुवारीसुद्धा धरलाय. तुमच्या थकबाकीतून ते वजा झालेत."

"ते कंपनीचं आणि माझं. हे तुझं आणि माझं."

"दहाचा भाव धरला तर एकशे नव्वद होतात," ही आतून म्हणाली. तिला फक्त दार लावायचं होतं, डास येत होते.

मी दोनशेची नोट दिली. अण्णांनी ती दिव्याकडे धरून पाहिली, खिशात घातली, आणि कागदावर 'मिळाले' लिहून खाली सही केली. दहा रुपये सुट्टे नव्हते त्यांच्याकडे. सकाळी देतो म्हणाले.

आत्ता दुपारचे चार वाजलेत.