एटीएममधून पैसे आले नाहीत, बँक म्हणते 'व्यवहार यशस्वी'. लोकपालांना काय लिहायचं?

बँकेचं अंतिम उत्तर हातात पडलं की बहुतेकजण बँकांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांना आपली पहिलीच तक्रार पुन्हा लिहून पाठवतात, फक्त अधिक रागाने. माझ्या मते इथेच प्रकरण कमकुवत होतं. लोकपालांच्या पत्रात खोडायचं असतं ते बँकेचं उत्तर, आणि त्या उत्तरात बहुधा एकच वाक्य कामाचं असतं.

उदाहरण घेऊ. ठाण्यात नौपाड्यातलं दुसऱ्याच बँकेचं एटीएम. २ जून २०२५ रोजी दहा हजार मागितले. मशीन खडखडलं, नोटा आल्या नाहीत, खात्यातून मात्र रक्कम गेली. ९ जूनला आपल्या बँकेत लेखी तक्रार दिली आणि ४ जुलैला उत्तर आलं: 'रेस्पॉन्स कोड 00, व्यवहार यशस्वी, तक्रार बंद.'

आता हा 00 काय सांगतो ते पाहा. आपल्या बँकेने पैसे द्यायला मंजुरी दिली, एवढंच. मंजुरी आधी येते, खात्यात नावे पडतं आणि त्यानंतर मशीन नोटा मोजायला घेतं. नोट अडकली किंवा त्या क्षणी लाइन गेली, तर व्यवहार उलटवण्याचा संदेश बँकेपर्यंत पोचत नाही आणि 00 तसाच राहतो. नोटा खरंच बाहेर पडल्या का, हे दोन वेगळ्या कागदांवरून कळतं. एक म्हणजे मशीनची स्वतःची नोंद, जिला बँकवाले ईजे लॉग म्हणतात. कोणत्या कॅसेटमधून किती नोटा गेल्या ते त्यात असतं. पाचशेच्या असतील तर इथे वीस दिसायला हव्यात. दुसरा कागद त्या मशीनच्या रोकड जुळवणीचा. नोटा आतच राहिल्या असतील तर पुढच्या जुळवणीत दहा हजार जास्त निघायला हवेत. बँकेने यातलं काहीच दिलं नसेल, तर पत्राचा गाभा तयार आहे:

'बँकेने दिनांक ४ जुलैच्या उत्तरात केवळ रेस्पॉन्स कोडचा आधार घेतला आहे. त्यातून मंजुरी सिद्ध होते, रोकड मिळाल्याचे नाही. कृपया त्या व्यवहाराचा ईजे लॉग, मशीनचा रोकड जुळवणी अहवाल आणि सीसीटीव्ही चित्रण बँकेकडून मागवावे. रक्कम रु. १०,००० आणि विलंबाची भरपाई मिळावी.'

सीसीटीव्ही बँकेकडे पहिल्या तक्रारीतच मागायला हवं. चित्रण कायम ठेवलं जात नाही.

भरपाईचा आकडा स्वतः काढून लिहा, 'योग्य ती' असं मोघम नको. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत परत यायला हवी. पुढे दररोज १०० रुपये, तेही न मागता. आपल्या उदाहरणात मुदत ७ जूनला संपली. पत्र २१ जुलैचं असेल तर ८ जूनपासून ४४ दिवस, म्हणजे ४,४०० रुपये, आणि रक्कम जमा होईपर्यंत पुढचे. बँकेने मुद्दल उशिरा परत करून तक्रार बंद केली असेल, तरी हे १०० रुपये रोज बाकी राहतातच. हे मागणं बरेचजण सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तक्रार आपल्या, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेविरुद्ध करायची. एटीएम कोणाचं हे फक्त नमूद करा. पत्र घेऊन रिझर्व्ह बँकेच्या बेलापूरच्या किंवा फोर्टच्या कार्यालयात जाऊ नका. एकात्मिक लोकपाल योजना, २०२१ पासून पोर्टल एकच आहे, cms.rbi.org.in. कागदी पत्र मराठीतही चालतं, पत्ता: भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. २०२१ च्या योजनेत बँकेच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत दिली होती, पण थांबू नका. उत्तरच आलं नाही तर लेखी तक्रारीनंतर तीस दिवस थांबावं लागतं. शाखेत तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही, म्हणून पोच घेतलेली प्रत हवीच.

ठाण्यात सहकारी बँकांतही पुष्कळांची खाती असतात. शेड्यूल्ड नागरी सहकारी बँका आणि ५० कोटी किंवा जास्त ठेवी असलेल्या इतर नागरी सहकारी बँका या योजनेत येतात. पतपेढी येत नाही, तिच्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकांकडे जावं लागतं.

सोबत चारच कागद लावा: बँकेला दिलेली तक्रार, तिचं अंतिम उत्तर, पासबुकाचं ते पान, आणि मशीनची पावती किंवा एसएमएस. कार्डाचे फक्त शेवटचे चार अंक लिहा. शुल्क काही नाही. आणि पत्र वकिलामार्फत पाठवू नका. वकील स्वतः तक्रारदार नसेल तर योजनेत अशी तक्रार घेतली जात नाही.