दुकान आमचं, शटर आमचं, आणि मॅपवर मालक भलताच

मला कोणीतरी एकदा नीट समजावून सांगा रे, शटर आम्ही उघडतो, लाइटबिल आम्ही भरतो, मिरचीच्या खकाण्याने दिवसभर ठसकतो आम्ही, आणि गूगल मॅपवर आमच्या गिरणीचा मालक कोण तर कुठलातरी ईमेल आयडी, ज्याची पहिली दोन अक्षरं दिसतात आणि पुढे सगळे ठिपके. ते ठिपके म्हणे मालक! सासरे गेली कित्येक वर्षं त्याच जागी बसून दळण देतायत, पण त्यांना विचारतंय कोण.

तर आमची गिरणी साताऱ्यात, पेठेत. दळण आहेच, पण खरा धंदा डंकाचा, मिरची-मसाला कांडप. उन्हाळ्यात लाइन लागते. आता पेठेतल्या जुन्या बायका मॅप बघून येत नाहीत, त्यांना ठाऊक आहे, पण नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलेली पोरं-पोरी "मसाला कांडप जवळपास" असं टाकतात आणि मॅप त्यांना पार नाक्याच्या पलीकडे पाठवतो. म्हणून लिस्टिंग नीट करायचं ठरवलं. फुकट असतं, अर्ध्या तासात होतं म्हणाले. अर्धा तास! माझ्या तोंडात शिवी आलेली मी गिळतेय.

झालं काय होतं, मागे एक पोरगा बॅग लावून गल्लीत फिरत होता, "वहिनी फुकट आहे, फक्त फोटो काढतो, तुमचं दुकान ऑनलाइन दिसेल." त्याने अख्ख्या गल्लीची दुकानं टाकली आणि सगळी स्वतःच्या आयडीवर. आता तो कुठे आहे देव जाणे, नंबर बंद. लिस्टिंगवर आपला हक्क सांगायला गेलं की मॅप म्हणतो हे दुसऱ्या कोणाकडे आहे, ॲक्सेस मागा. मागितला. समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात आणि तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचं. त्याने नाही म्हटलं तर अपील, गप्प बसला तर आपल्याला स्वतः क्लेम करायचा पर्याय "मिळू शकतो", म्हणजे मिळेलच असंही नाही! स्वतःच्या गिरणीसाठी!!

भाचा म्हणाला मामी सोड ना, नवीनच बनव. अजिबात नाही. त्याच पत्त्यावर त्याच नावाचं दुसरं बनवलं की ते डुप्लिकेट म्हणून उडवतात, आणि जुन्यावर जे काही चांगले रिव्ह्यू साठलेत ते तिकडेच राहतात. आणि उडवेपर्यंत गिऱ्हाइकाला दोन टाचण्या दिसणार, एक खरी एक खोटी, आणि नेमकी बंद नंबरवालीच वर येणार. म्हणून मी दात-ओठ खात तीन दिवस थांबले. तो गप्पच होता. पर्याय आला एकदाचा.

आणि मग सुरू झाला व्हिडिओचा तमाशा. पूर्वी म्हणे पोस्टाने कार्ड यायचं, त्यावर पाच आकडी कोड. पोस्टमन आम्हाला ओळखतो, ते झटक्यात झालं असतं. आम्हाला तो पर्यायच दाखवला नाही, सरळ व्हिडिओ. आधी काढून गॅलरीतून टाकता येत नाही, तिथल्या तिथेच शूट करायचा, एकसलग, मध्ये कट नाही, निदान अर्ध्या मिनिटाचा. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: जागा कुठे आहे, धंदा खरोखर चालतो का, आणि तो चालवणारे तुम्हीच का. ऐकायला सोपं आहे. आता सकाळी नऊला आमच्या दारात या आणि करून दाखवा. पेठेच्या नावाची जी पाटी आहे तिच्यावरची अक्षरं उन्हाने उडालीत, तिच्यावर क्लासची जाहिरात चिकटवलीय, बायका डबे घेऊन उभ्या आहेत आणि त्यांचे चेहरे येऊ द्यायचे नाहीत, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात किल्ली, कुलूप जुनं त्यामुळे हिसडा दिल्याशिवाय उघडत नाही, म्हणजे त्या क्षणी कॅमेरा थेट आभाळाकडे. शेवटी सासऱ्यांना म्हटलं अण्णा तुम्ही कुलूप काढा, मी शूट करते. तर ते मागे वळून विचारतात, "कोणाला दाखवायचंय? त्यांना म्हणावं या की चहाला." हे पण रेकॉर्ड झालं.

अपलोड करताना नेट गेलं. परत पहिल्यापासून. मग ते पाच कामाचे दिवस तपासणार, आणि निकाल काय, तर व्हेरिफाय करता आलं नाही. का? ते सांगत नाहीत! एक ओळ नाही. कुलूप दिसलं नाही का पाटी वाचता आली नाही, का अण्णांचं चहाचं आमंत्रण आवडलं नाही, काही पत्ता नाही.

मग मीच डोकं चालवलं. बघणारा माणूस साताऱ्यात कधी आलेला नसणार, त्याच्यापुढे एक पिन आहे आणि माझा व्हिडिओ आहे, तो जुळवून बघणार. आणि आमचा पिन होता मागच्या बोळात! त्या बॅगवाल्याने फोटो काढला पुढून आणि टाचणी मारली मागे. म्हणजे आधी पिन ओढून बरोब्बर आमच्या छपरावर आणला. नंतर नाव. बोर्ड आमचा मराठीत आहे, दुकान कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीपासून सगळ्याच दुकानांना मराठी पाटी सक्तीची आहे, छोट्या दुकानांनाही. आणि लिस्टिंगवर त्या पठ्ठ्याने इंग्रजीत भलंमोठं शेपूट लावलेलं, नाव, त्यापुढे "बेस्ट मसाला कांडप सातारा". असं शेपूट नियमातच बसत नाही, बोर्डावर जे आहे तेच नाव पाहिजे. ते काढलं, बोर्डावर आहे तसं देवनागरीत टाकलं. मग व्हिडिओ असा: चौकातून सुरुवात, शेजारच्या मेडिकलचा बोर्ड (तो मॅपवर आधीपासून आहे, म्हणजे जुळवायला खूण), मग आमचा बोर्ड अक्षरं वाचता येतील इतका जवळून, अण्णा कुलूप काढतात, शटर वर, आत चक्की आणि दोन्ही डंक, बटण दाबून डंक चालू, आणि शेवटी गल्ल्याचा ड्रॉवर उघडून त्यातलं लाइटबिल आणि शॉप ॲक्टची पावती, पत्त्यावर कॅमेरा दोन सेकंद धरून. दुपारी एकला काढला, गिऱ्हाईक नसताना. पास झाला. हे सगळं कोणी सांगितलं? कोणीच नाही. बरं, व्हिडिओ तपासणीला असताना नाव-पत्ता परत बदलू नका कोणी, पुन्हा पहिल्यापासून व्हेरिफाय करायला लावू शकतात.

वाटलं सुटलो. कसलं काय. कॅटेगरीत "डंक" शोधा, काही येत नाही. आपल्या मनाने लिहिता येत नाही, त्यांच्या यादीतलंच घ्यावं लागतं. मग गिरणी मुख्य ठेवली आणि मिरची कांडप, हळद, गरम मसाला हे सर्व्हिसेसमध्ये एकेक करून लिहिलं.

पण खरं डोकं फिरवलं ते वेळेने. आमची वेळ सकाळी नऊ ते एक, दुपारी चार ते आठ, गुरुवारी बंद. एका दिवसाला दोन वेळा टाकता येतात, टाकल्या. काही दिवसांनी बघते तर नऊ ते नऊ, सातही दिवस चालू! कोणी केलं? कोणीही. रस्त्याने जाणारा कोणीही "बदल सुचवा" दाबतो आणि त्यांना पटलं की लागतो. आम्हाला व्हिडिओत कुलूप उघडून दाखवायला लावलं, आणि त्या सुचवणाऱ्याकडून काय घेतलं, त्याच्या आज्जीचा दाखला? आपल्या प्रोफाइलमध्ये गेलं की बदललेलं वेगळ्या रंगात दिसतं आणि नाकारता येतं, पण त्यासाठी रोज बघत बसायला पाहिजे. दळण कोण देणार मग? आता दर सोमवारी सकाळी चेक करते, झाडू मारायच्या आधी. आणि दसरा-दिवाळीत आमची वेळ वेगळीच, तर त्यासाठी नेहमीच्या वेळेला हात न लावता तारखेप्रमाणे स्पेशल वेळ भरायची. नाही भरली तर सणाला तिथे लिहून येतं की वेळ वेगळी असू शकते, आणि ते वाचून गिऱ्हाईक येतच नाही.

आता त्या नऊ ते नऊचा परिणाम बघा. एक बाई गुरुवारी पाच किलो बेडगी घेऊन रिक्षाने आली, शटर बंद. एक स्टार. "टाइम वेस्ट." तिचं काही चुकलं नाही हो, तिला मॅपने सांगितलं चालू आहे! पण स्टार कोणाचा गेला, मॅपचा? आमचा. तिला खाली उत्तर लिहिलं की वेळ कोणीतरी बदलली होती, ताई परत या, कांडप आधी घेऊ. ते उत्तर सगळ्यांना दिसतं म्हणून तरी बरं.

आणि दुसरा महाभाग, एक स्टार, "पावभाजीत बटर कमी." पावभाजी!! गिरणीत!! हे तर सरळ दुसऱ्या कुठल्यातरी दुकानाचं आहे, रिपोर्ट केलं. काही दिवसांनी उत्तर, आमच्या धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही. अपील केलं, ते पण फेटाळलं. म्हणजे आमच्या सरासरीत त्या बटरचा वाटा कायमचा. त्याखाली मी लिहून ठेवलंय की इथे पावभाजी मिळत नाही, पावभाजीचा मसाला मात्र कांडून मिळतो.

त्यावर शेजारचा शहाणा सांगतो, पाच स्टार दे म्हण, अर्धा किलो कांडप फुकट दे. असं काही द्यायचं नाही, नियमाविरुद्ध आहे, आणि सापडलं तर आहेत ते चांगले रिव्ह्यूपण काढून टाकतात. त्यापेक्षा रिव्ह्यूची लिंक क्यूआर करून काट्याशेजारी चिकटवलीय, कोणी स्वतःहून दिलं तर दिलं. जुन्या काकू स्टार देतात खरं, पण एकीने चुकून दोन दाबले आणि लिहिलं "फार छान". बदलायला सांगायला गेले तर पासवर्ड सुनेला माहीत, सून पुण्यात.

आणि आता हे लिहिता लिहिता परत फोन. "मॅडम तुमचं मॅप लिस्टिंग आज एक्स्पायर होतंय, चार हजार नऊशे भरा, नाहीतर परमनंटली क्लोज्ड दिसेल." मॅपवाले यासाठी पैसे घेत नाहीत, एक्स्पायर वगैरे काही नसतं, आणि पैसे मागायला फोन तर मुळीच करत नाहीत, आम्ही अडकलो होतो तेव्हा एक माणूस बोलायला मिळाला नाही! मी त्याला म्हटलं थांबा, धरा, आणि फोन चालू डंकाशेजारी ठेवून दळण द्यायला गेले.