मूल्यांकनाचा अहवाल सहीपासून नव्हे, तुलनेच्या पानापासून वाचा

नौपाड्यातलं बाबांचं घर मी ठेवायचं आणि ताईला तिच्या निम्म्या हिश्श्याचे पैसे द्यायचे, असं आमचं ठरलं. ओळखीतून एक नोंदणीकृत मूल्यांकनकार मिळाले. अहवालात आकडा होता ९० लाख. ताई म्हणाली, "तज्ज्ञाने काढलाय ना, मग झालं." ती सही करायला तयार होती.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. घर बघायला येण्याआधीच त्यांनी फोनवर विचारलं होतं, "आकडा साधारण किती हवाय?" त्या वेळी मी ते हसण्यावारी नेलं, ही माझी चूक. घर न पाहता जो असं विचारतो, त्याच्याकडून निष्पक्ष अहवाल घेऊच नये.

म्हणून अहवाल पुन्हा नीट वाचला. आमचं घर ४५० चौरस फूट कार्पेट. दर लावला होता फुटाला २०,०००, आणि आधार होता शेजारच्या इमारतीतल्या एका विक्रीचा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या विक्रीच्या नोंदीचा उतारा, म्हणजे सूची क्रमांक २, काढला. किंमत १ कोटी ८ लाख, क्षेत्रफळ ५४० चौरस फूट. पण ते ५४० होतं बिल्टअप, म्हणजे भिंती धरून! आपल्याकडे जुन्या घरांच्या कार्पेटला साधारणपणे १.२ ने गुणून बिल्टअप धरतात, म्हणजे तेही घर ४५० कार्पेटचंच. कार्पेटवर दर येतो २४,०००. बिल्टअपचा दर कार्पेटला लावल्यामुळे आमचं घर १८ लाखांनी स्वस्त झालं होतं आणि ताईचे ९ लाख जात होते. ही चूक माझ्या फायद्याची होती, म्हणूनच ती लपवणं मला शक्य नव्हतं.

ही चूक अज्ञानाने झाली की मला खूश करायला, ते मला सांगता येणार नाही. नोंदणी क्रमांकावरून शिक्षण आणि परवाना कळतो. अहवाल कसा बनला ते फक्त तुलनेच्या पानावर दिसतं: व्यवहार झालेले आहेत की नुसत्या जाहिरातीतल्या मागण्या, तारखा कोणत्या, क्षेत्रफळ कुठलं.

दुसऱ्या मूल्यांकनकारांना आम्ही दोघांनी मिळून पत्र दिलं. फी आधीच ठरवली, आकड्याशी न जोडता, आणि निम्मी निम्मी भरली. त्यांनी खोल्या स्वतः मोजल्या आणि तीच विक्री आधाराला घेतली. तिथे लिफ्ट आहे, आमच्या तिसऱ्या मजल्याला नाही, म्हणून थोडी वजावट केली आणि तिचं कारणही लिहिलं. आकडा आला १ कोटी ४ लाख. तिसऱ्याने कदाचित १ कोटी २ लाख काढले असते, आणि तेही प्रामाणिक असू शकतं. अशा वजावटीत अंदाज असतोच.

पुनर्विकासाचं मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "सोसायटीत नुसती चर्चा आहे, विकासकाशी करार नाही. मी ते किमतीत धरलेलं नाही, आणि तसं अहवालात लिहिलंय."

ते वाक्य वाचून ताईला म्हटलं, मग हे आपण दोघं ठरवू. हक्कसोडपत्राआधी आम्ही वेगळा लेखी करार केला: पाच वर्षांत पुनर्विकासाचा करार झाला, तर वाढीव जागेच्या किमतीत तिचा निम्मा वाटा.