मंजूर कर्ज रुपयांत असतं, डॉलरमध्ये नाही

“कर्ज मंजूर झालं की फी बँकेची जबाबदारी. रुपया पडला तरी आपल्याला काय?” मुलांना परदेशात शिकायला पाठवणाऱ्या सोलापुरातल्या पालकांमध्ये फिरणारा निरोप.

हे चूक आहे. मंजुरी रुपयांत असते आणि प्रत्येक सत्राची फी डॉलरच्या त्या दिवशीच्या दराने जाते. समजा, दोन वर्षांची फी ४०,००० डॉलर; ८५ च्या दराने ३४ लाख मंजूर झाले. पहिल्या वर्षी १७ लाख गेले. दुसऱ्या वर्षी दर ९१ झाला, तर लागतील १८.२० लाख, उरलेत १७. वरचे १.२० लाख घरातून, शिवाय खोलीभाडं, किराणाही महागलेला. म्हणून मंजुरी मागतानाच दर वाढवून धरा. आणि हो, मोबाइलवर दिसणारा दर नव्हे, बँकेचा विक्रीदर विचारा. तो जास्तच असतो.