अंघोळ घालता ना हो बाळाला?

काल लिफ्टमध्ये एका अनोळखी काकूंनी हा प्रश्न विचारला. बाळाची टोपी जरा सरकली होती, आणि टाळूवरचे पिवळट, तेलकट खवले त्यांना दिसले होते.

"खपली आहे, काकू. निरुपद्रवी असते."

"आणि गालांवर?"

"पुटकुळ्या. त्याही निरुपद्रवी."

"महिन्याच्या बाळाला पुटकुळ्या? चॉकलेट खाता का तुम्ही?"

नवरा बाळाची पिशवी घेऊन शेजारीच उभा होता. त्याला मात्र त्या कळवळून म्हणाल्या, "तुमची झोप होत नसेल ना?" खपलीला जबाबदार मी, सहानुभूती त्याला!

मग त्यांचं नख बाळाच्या डोक्याकडे निघालं. "अशी अलगद खरवडली की सुटते." मी दोन पावलं मागे सरले, लिफ्टमध्ये त्याहून जास्त सरता येत नाही. खरवडलं की कातडी सोलते आणि जंतूंना वाट मिळते, असं मी सांगितलं.

"मग तेल थापा. रात्रभर. तोंडालासुद्धा!"

इथेच खरी गोम आहे. खपली मऊ करायला बेबी ऑइलचे चार थेंब चालतात, पण थोडा वेळच. मग मऊ ब्रशने हलकेच खवले सोडवायचे आणि बाळाच्या सौम्य शाम्पूने तेल पूर्ण धुवायचं. तेल तसंच राहिलं तर खवले उलट चिकटून बसतात. चेहऱ्याला तर तेल नको, क्रीम नको, मोठ्यांचं मुरमांचं मलम तर मुळीच नको. कोमट पाणी, मऊ कापड, टिपून कोरडं करणं, बस्स. पुटकुळ्या फोडायच्या नाहीत.

अस्वच्छतेचा यात काही संबंध नाही. खपलीमागे बाळाच्या तैलग्रंथींची लगबग असते आणि कातडीवर एरवीही राहणारी एक बुरशी. मोठ्यांचा कोंडा याच कुळातला. काकूंच्या खांद्यांवर तो भरपूर होता. मी सभ्यपणे मजल्यांचे आकडे बघत राहिले.

"डॉक्टरांना दाखवलंत का?" दार उघडता उघडता त्यांनी विचारलं. दाखवलं होतं. खपलीतून पाणी किंवा रक्त येऊ लागलं, भोवती सूज आली, ती अंगभर पसरली, तर परत या, म्हणाले. पुटकुळ्यांत पू दाटला किंवा त्या महिनोन्‌महिने टिकल्या तरीही. आणि इतक्या लहान बाळाला ताप, म्हणजे 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त, आला तर कातडीचा विचार बाजूला ठेवून लगेच गाठायचं. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर काकू निघून गेल्या होत्या.

पुटकुळ्या बहुधा काही आठवड्यांत जातील, खपली कदाचित काही महिने रेंगाळेल. तोवर जिन्याने जावं म्हटलं, तर सिझेरियनचे टाके अजून ओढतात. त्यांची चौकशी अजून एकाही काकूने केलेली नाही.