शॉकचा वेग मनाला येईल त्या समीकरणातून निघत नाही

"u_t + u·u_x = 0 मध्ये कॅरॅक्टरिस्टिक रेषा एकमेकींना छेदल्या की समीकरण मोडतं, पुढे उत्तरच नसतं. शॉक ही संगणकाने केलेली चूक आहे, ग्रिड बारीक केली की ती जाते. तरी वेग हवाच असेल तर समीकरण कुठल्याही रूपात मांडा, u ने गुणा किंवा भागा, उत्तर तेच येणार."

परीक्षेच्या तयारीतल्या मुलांमध्ये हा मजकूर गेले काही आठवडे फिरतोय. माझ्या भाचीने तो वहीत उतरवून घेतलाय, खाली दोन रेघा मारून. म्हणून हे सविस्तर लिहावं लागतंय.

पहिल्या वाक्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. सुरुवातीला x = 0 च्या डावीकडे u = 1, x = 1 च्या उजवीकडे u = 0 आणि मध्ये सरळ उतार, u = 1 − x, असं धरा. प्रत्येक बिंदू आपल्या u इतक्या वेगाने पुढे सरकतो. मागचे वेगात, पुढचे संथ, त्यामुळे उतार उभा होत जातो. उतारावरच्या x₀ बिंदूची रेषा x = x₀ + (1 − x₀)t अशी आहे. t = 1 घालून पाहा: x₀ काहीही असो, x = 1 च येतं. उतारावरच्या सगळ्या रेषा एकाच क्षणी एकाच जागी येऊन मिळतात. त्या क्षणी u_x अनंत होतो आणि गुळगुळीत उत्तर तिथे संपतं, हे खरंच.

पण संपतं ते गुळगुळीत उत्तर. भौतिक नियम मुळात विकलकांचा नसतो, तो हिशोबाचा असतो: एखाद्या पट्ट्यात जेवढं u आहे, त्यात होणारा बदल म्हणजे एका टोकाने आत आलेलं वजा दुसऱ्या टोकाने बाहेर गेलेलं. इथे हा प्रवाह u²/2 आहे. या हिशोबाला u सलग असण्याची गरजच नाही; त्यात एका जागी अचानक उडी असली तरी तो चालतो, आणि हीच उडी म्हणजे शॉक. उडीच्या दोन्ही बाजूंना तो लावला की उडीचा वेग (u_डावा + u_उजवा)/2 असा निघतो. आपल्या उदाहरणात तो 1/2. म्हणजे t = 1 नंतर शॉक x = 1 पासून निघतो आणि t = 3 ला x = 2 वर असतो.

संगणकाची चूक म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: हवेतल्या ध्वनीच्या समीकरणात हीच अडचण स्टोक्सने 1848 मध्ये कागदावर पाहिली होती आणि तिथे उडी येईल असं लिहिलं होतं. गोळीपुढच्या शॉकचे फोटो माख आणि साल्चर यांनी 1887 मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा कुठला संगणक?

आता तिसरं वाक्य. सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं, कारण वर वर पाहता ते बरोबर वाटतं. u_t + u·u_x = 0 ला u ने गुणलं की (u²/2)_t + (u³/3)_x = 0 मिळतं. u गुळगुळीत आहे तोवर दोन्ही समीकरणांची उत्तरं तीच. पण उडीवर हेच दुसरं समीकरण हिशोब म्हणून लावलं तर आपल्या शॉकचा वेग (1/3) भागिले (1/2), म्हणजे 2/3 येतो. एकाच शॉकचे दोन वेग झाले.

यातला खरा कुठला, ते पट्टा मोजून ठरवा. x = −1 ते x = 5 या पट्ट्यात सुरुवातीला एकूण u आहे 1.5. डाव्या टोकाने दर एकक वेळात 1/2 आत येतं, उजवीकडून काहीच बाहेर जात नाही. म्हणून t = 3 ला एकूण 3 असायलाच हवं. शॉक x = 2 वर असेल तर −1 पासून 2 पर्यंत u = 1, बेरीज बरोबर 3. वेग 2/3 धरला तर शॉक 2.33 वर जातो आणि बेरीज 3.33 होते. वरचं 0.33 कुठून आलं? कुठूनच नाही.

गुणल्याने नेमकं काय बिघडतं तेही पाहा. थोडी श्यानता ठेवून u_t + u·u_x = ν·u_xx घेतलं तर शॉकचं उत्तर हाताने सोडवता येतं: u = ½[1 − tanh((x − t/2)/4ν)]. ν कमी करा, शॉक पातळ होत जातो, वेग मात्र 1/2 च राहतो. u चा साठा यात कुठेच नष्ट होत नाही. u²/2 चा साठा मात्र शॉकच्या आत सतत खर्च होतो, दर एकक वेळात 1/12. आणि हा दर ν वर अवलंबूनच नाही. ν शून्याकडे नेली तरी 1/12 तसाच उरतो. आत येणारं 1/3, साठ्यात पडणारं 1/4, मधला फरक 1/12. गुणलेल्या समीकरणाने हा खर्च नाही असं गृहीत धरलं, म्हणून त्याचा शॉक पुढे पळतो. याच ठिकाणी स्टोक्सही पुढे डगमगला. उडीत ऊर्जा टिकत नाही असा आक्षेप केल्विन आणि रॅले यांनी घेतल्यावर त्याने आपला निष्कर्ष मागे घेतला. ती ऊर्जा उष्णतेत जाते, हे नीट बसवायला रँकिन (1870) आणि ह्युगोनिओ यावे लागले.

ग्रिड बारीक करण्याचं तर ज्याला पटत नाही त्याने हे चालवून पाहावं. t = 1 ची उडी घेऊन दोन पद्धतींनी t = 3 पर्यंत जायचं:

```python
import numpy as np
N = 600
dx = 6/N; dt = 0.8*dx
x = -1 + dx*(np.arange(N) + 0.5)
u = np.where(x < 1, 1.0, 0.0)
v = u.copy()
for n in range(round(2/dt)):
    u[1:] -= dt/dx*u[1:]*(u[1:] - u[:-1])
    v[1:] -= dt/dx*(v[1:]**2 - v[:-1]**2)/2
print(u.sum()*dx, v.sum()*dx)
```

`v` ची बेरीज 3 येते. `u` ची 2 च राहते, कारण तो शॉक जागचा हललेलाच नसतो. उडीच्या डावीकडे शेजाऱ्यांतला फरक शून्य, उजवीकडे गुणक u शून्य; मग बदलणार काय? `N` 6000 करा, 60000 करा, शॉक तिथेच. आलेख स्वच्छ, उडी सुबक, जागा चूक. चुकीचा आलेख नजरेला पटतो, म्हणून बेरीज तपासायची सवय हवी.

लॅक्स आणि वेंड्रॉफ यांनी 1960 मध्ये याबद्दलचं प्रमेय दिलं. पद्धत प्रवाहांच्या वजाबाकीच्या रूपात असेल, म्हणजे एका खान्यातून गेलेलं तेवढंच शेजारच्या खान्यात येत असेल, आणि ग्रिड बारीक करताना तिची उत्तरं कशाच्या तरी जवळ जात असतील, तर ते हिशोब पाळणारंच उत्तर असतं. `v` ची ओळ अशी आहे, `u` ची नाही. वेग बरोबर येण्याची हमी याच प्रमेयातून मिळते, ग्रिड बारीक करण्यातून नव्हे.

मात्र एक मर्यादा प्रमेयातही राहते. डावीकडे 0, उजवीकडे 1 असं उलटं घेतलं, तर 1/2 वेगाची उडी हिशोबात बसते, तरी ती चालत नाही, कारण तिथे रेषा उडीत शिरत नाहीत, तिच्यातून बाहेर पडतात. तिथे खरं उत्तर पंख्यासारखं पसरतं, u = x/t. त्यामुळे हिशोबासोबत ही अटही तपासायची: रेषा दोन्ही बाजूंनी शॉकमध्ये शिरल्या पाहिजेत.