साठा शून्य, पण खर्च?

«लॉट-फॉर-लॉट लावा आणि निवांत व्हा. जेवढं लागतं तेवढंच बनवलं की साठा शून्य, म्हणजे खर्च सगळ्यात कमी. फिक्स्ड पिरियड आणि फिक्स्ड क्वांटिटी हे फक्त परीक्षेत लिहायचे नियम, आजच्या कारखान्यात त्यांचं काही काम नाही.»

एका वेळी किती नग बनवायचे यावर प्लॅनिंगमधल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर हे सतत फिरतं, आणि नवीन मुलं ते खरं मानून कामाला लागतात. मी रबाळे एमआयडीसीत प्लॅनिंग करतो आणि शनिवारी दुपारी नव्या मुलांकडून कागदावर एक उदाहरण सोडवून घेतो. उत्तर त्याच उदाहरणातून देतो, कारण या वादात आकडे मांडल्याशिवाय कुणाचंच म्हणणं कळत नाही.

वस्तू आहे पॅनेलमध्ये लागणारा तांब्याचा बसबार. प्रेसवर डाय लावून तो कापला आणि भोकं पाडली जातात. आठ आठवड्यांची निव्वळ गरज अशी: 80, 20, 0, 130, 60, 0, 90, 20. एकूण 400 नग, सरासरी आठवड्याला 50. सुरुवातीचा साठा शून्य. नगाची किंमत साधारण ₹800 धरली आहे. व्याज, जागा, हाताळणी मिळून एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणजे आठवड्याला सुमारे ₹4. तो आठवड्याच्या शेवटी शिल्लक राहिलेल्या नगांवर मोजायचा. डाय एकदा बदलण्याचा खर्च ₹1,200.

हे बाराशे कुठून आले, ते आधी बघू. दाव्यात सगळ्यात मोठी चूक इथेच आहे. रॅकवरून डाय काढून चेन ब्लॉकने प्रेसच्या बेडवर आणायची. वरचा-खालचा भाग जुळवून क्लॅम्प आवळायचे, शट हाइट लावायची. पहिला नग काढला की क्वालिटीचा माणूस व्हर्नियर घेऊन भोकांची अंतरं बघतो. एका भोकाच्या कडेला धातूची बर आली की पुन्हा क्लॅम्प सैल, पुन्हा सेटिंग. दीड तास सहज जातो आणि सुरुवातीचे दोन-तीन नग तांब्याच्या भंगारात पडतात. आमच्या उदाहरणात ₹900 वेळेचे आणि ₹300 भंगारातल्या तुटीचे आणि तपासणीचे धरले आहेत. यातला एकही रुपया स्टोअरच्या रजिस्टरमध्ये साठा म्हणून दिसत नाही, त्यामुळे साठ्याचा रिपोर्ट बघणाऱ्याला तो खर्च झाल्याचंच कळत नाही.

आता लॉट-फॉर-लॉट लावा. गरज सहा आठवड्यांत आहे, म्हणून डाय सहा वेळा चढते. साठ्याचा खर्च शून्य, डायचा ₹7,200. दुसऱ्या आणि आठव्या आठवड्यात तर फक्त वीस-वीस नगांसाठी दीड तास सेटिंग होतं.

फिक्स्ड पिरियडला तीन आठवड्यांचा कालावधी देऊ. पहिल्या आठवड्यात पहिल्या तिन्हींची गरज मिळून 100, चौथ्यात 190, सातव्यात 110. डाय तीन वेळा, ₹3,600. शिल्लक राहतात ते पहिल्या आठवड्याअखेर 20, चौथ्याअखेर 60 आणि सातव्याअखेर 20. मिळून 100 नग-आठवडे, ₹400. एकूण ₹4,000. साठा शून्य ठेवण्याच्या हट्टापायी ₹400 वाचवले आणि ₹3,600 जास्त घातले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. प्रेस रिकामीच उभी असेल, सेटरचा पगार तसाही द्यायचाच असेल, तर वेळेचे ₹900 खरोखर वाचतात का? नाही वाचत. प्रेस हीच अडचणीची जागा असेल, तरच तो दीड तास म्हणजे पैसा. म्हणून फक्त ₹300 धरून पुन्हा हिशेब करू. लॉट-फॉर-लॉट ₹1,800, फिक्स्ड पिरियड ₹900 अधिक ₹400, म्हणजे ₹1,300. क्रम बदलला नाही. दोन्ही समान होतात ते डायचा खर्च ₹133 च्या आसपास आल्यावर. तो ₹80 च्याही खाली गेला, तर मात्र एकही लॉट एकत्र करण्यात अर्थ राहत नाही, कारण 20 नग एक आठवडा ठेवायलाच ₹80 लागतात. म्हणजे लॉट-फॉर-लॉट आधी लावायचा नसतो. क्विक क्लॅम्प बसवा, डायची उंची एकसारखी करा, सेटिंग दीड तासावरून काही मिनिटांवर आणा. मग तो आपोआप स्वस्त ठरतो. डायचं काम तसंच ठेवून फक्त SAP सिस्टिममध्ये लॉट-फॉर-लॉटचा कोड `EX` टाकला, तर बोजा स्टोअरमधून उचलून प्रेसच्या माणसावर टाकला, एवढंच होतं.

फिक्स्ड पिरियड जिंकला म्हणून आता सगळीकडे तोच लावायचा का? तेही चूक. या उदाहरणात कालावधीच्या हद्दी नशिबाने बरोबर शून्य गरजेच्या आठवड्यांनंतर पडल्या. त्याच हद्दी सरकवून बघा: पहिला आठवडा एकटा, मग दोन ते चार, पाच ते सात, आणि आठवा एकटा. आता दुसऱ्या आठवड्यात 150 नग निघतात, त्यातले चौथ्या आठवड्याचे 130 दोन आठवडे पडून राहतात. पाचव्यात निघालेल्या 150 पैकी सातव्याचे 90 तसेच. डाय चार वेळा ₹4,800, साठा ₹1,760, एकूण ₹6,560. नियम तोच, आकडे तेच, फक्त मोजणी कुठून सुरू केली त्यावरून अडीच हजारांचा फरक. म्हणून मोजणी कॅलेंडरवरून नको, जिथे खरी गरज उभी राहते त्या आठवड्यापासून व्हायला हवी. सिस्टिममधला आठवड्याच्या लॉटचा कोड `WB` कॅलेंडरच्या आठवड्याने बांधलेला असतो, हे माहीत नसलं तर हा फरक कुठून आला ते सापडतच नाही.

फिक्स्ड क्वांटिटीची, म्हणजे दर वेळी ठरलेलेच नग बनवण्याची, बाजू सगळ्यात पडकी वाटते, आणि आकड्यांतही ती आधी तशीच दिसते. लॉट किती मोठा घ्यायचा याच्या फोर्ड हॅरिसच्या 1913 च्या सूत्राने, म्हणजे वर्गमूळ (2 × 50 × 1200 ÷ 4) काढलं की 173 येतात. ट्रेच्या हिशेबाने आपण 175 घेतले. लॉट पहिल्या, चौथ्या आणि सातव्या आठवड्यात लागतो. डाय तीनच वेळा, पण आठवड्यांअखेरची शिल्लक बघा: 95, 75, 75, 120, 60, 60, 145, 125. बेरीज 755, खर्च ₹3,020, एकूण ₹6,620. तिसऱ्या आठवड्याअखेरचे 75 नग विशेष बघण्यासारखे आहेत. ते पहिल्या आठवड्यापासून पडून आहेत, आणि चौथ्यात 130 लागणार म्हणून डाय तरीही चढवावीच लागते. ठेवायचा खर्च झाला आणि सेटिंगही वाचलं नाही. सूत्र दर आठवड्याची गरज सारखी आहे असं गृहीत धरतं, आणि उड्या मारणाऱ्या गरजेत असे अडकलेले तुकडे राहणारच. पावसाळ्यात नवी मुंबईच्या दमट हवेत ते काळवंडतातही, मग पुन्हा पॉलिश.

पण इथे न्याय करायला हवा. आठव्या आठवड्याअखेर उरलेले 125 नग, म्हणजे ₹1,00,000 चा माल, काही वाया गेलेला नाही. तो नवव्या आठवड्यात वापरला जाईल. आठ आठवड्यांवर रेघ ओढून सगळा खर्च याच नियमाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. या 125 नगांच्या वाट्याचं सेटिंग आणि त्यांचा दोन आठवड्यांचा साठा वजा केला, तर खर्च ₹4,760 च्या आसपास येतो. तरीही ₹4,000 पेक्षा जास्त, पण लॉट-फॉर-लॉटच्या ₹7,200 पेक्षा खूपच कमी. शाळकरी म्हणून हिणवलेला नियम इथे पुढे आहे.

आता दाव्यात जे खरं आहे, ते सांगतो. पॅनेलच्या जुळणीत डाय नाही, सेटिंग जवळपास नाही, आणि प्रत्येक पॅनेल ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे वेगळं. तिथे लॉट-फॉर-लॉटच हवा. शिवाय जुळणीसारख्या वरच्या पातळीवर लॉट एकत्र केले, की खालच्या वस्तूंची गरज आणखी उड्या मारायला लागते. जुळणीत गरजेइतकं, प्रेसवर एकत्र करून, असे एकाच कारखान्यात दोन नियम सुखाने नांदतात. सगळ्यांना एकच कोड लावायचा आग्रह मला कधीच पटलेला नाही.

गेल्या वेळी उदाहरण सुटल्यावर एका मुलीने विचारलं, «सर, तिसऱ्या आठवड्यात ग्राहकाने सांगितलं की सहाव्यात 40 नग जास्त हवेत, तर?» तिन्ही नियमांवर पुन्हा आकडे टाकले. लॉट-फॉर-लॉटमध्ये सहाव्या आठवड्यात 40 चा नवा लॉट येतो. तयारीला तीन आठवडे आहेत, पण डाय सातव्यांदा चढते, ₹8,400. फिक्स्ड क्वांटिटीत सहाव्या आठवड्याच्या 60 शिल्लकीतून 40 निघून जातात आणि प्लॅनमध्ये एक ओळही हलत नाही. तिने हे दोनदा तपासून बघितलं. फिक्स्ड पिरियडमध्ये मात्र लगेच धावपळ. सहावा आठवडा चौथ्याच्या लॉटमध्ये येतो, म्हणून सिस्टिम पुढच्याच आठवड्याचे 190 बदलून 230 करते, आणि तांब्याची पट्टी तर 190 पुरतीच आलेली.

अशा वेळी चौथ्या आठवड्याची 190 ची ऑर्डर फर्म करून टाकायची, म्हणजे सिस्टिम तिला हात लावत नाही. मोजणी पुन्हा सहाव्यापासून सुरू करायची: 40, 90 आणि 20 मिळून 150 चा एक लॉट. डाय तीनच वेळा राहते. शिल्लक 20, 60, 110, 20, मिळून 210 नग-आठवडे, ₹840. एकूण ₹4,440, आणि पट्टी मागवायला तीन आठवडे हातात.